दिवाळीच्या खोक्यांची झडती

दसऱ्याचे सोने लुटून झाले की धनत्रयोदशीला उणेपुरे अठरा दिवस उरतात. आश्विन शुद्ध दशमीपासून वद्य त्रयोदशीपर्यंतचा हा काळ म्हणजे घरोघरी साफसफाईचा, फराळाच्या सामानाच्या याद्यांचा आणि बाजारातील गर्दीचा काळ. आपल्यापैकी जे वाचक इंदूर, भोपाळ किंवा काशीकडे राहतात त्यांच्या शेजारी हाच पंधरवडा कार्तिकाचा म्हणून मोजतील. पण खरेदीची घाई मात्र दोन्हींकडे सारखीच. या घाईत जी एक गोष्ट बहुतेक घरांतून राहून जाते तिच्याविषयी या वेळी लिहायचे आहे. ती गोष्ट म्हणजे गेल्या वर्षीच्या, त्यामागील वर्षीच्या आणि कधी कधी दहा वर्षांपूर्वीच्या शोभेच्या सामानाची झडती.

ही झडती दसऱ्यानंतर घेण्यापेक्षा थोडी अगोदर, पितृपंधरवड्यात घेतलेली अधिक बरी. त्या दिवसांत बहुतेक घरी नवी खरेदी करीत नाहीत. जुने बाहेर काढून पाहण्यास मात्र कोणत्याच शास्त्राची आडकाठी नाही. शिवाय गणपतीचे सामान नुकतेच आवरलेले असते, त्यामुळे कोणती माळ मखरावर लावली होती आणि ती कोणत्या खोक्यात गेली याची आठवण ताजी असते. ज्यांच्या हातून तो पंधरवडा निसटला असेल त्यांनी दसऱ्यानंतरचा पहिला रविवार धरावा. पण बाजारात पाऊल टाकण्यापूर्वीच.

आता वस्तू दुबार का घेतल्या जातात ते पाहा. घरात वस्तू नसतात म्हणून नव्हे, तर त्या एका ठिकाणी नसतात म्हणून. माळा गणपतीच्या खोक्यात, पणत्या पोटमाळ्यावरील पत्र्याच्या डब्यात, रांगोळीचे रंग स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, कंदील कपाटामागे आणि तोरण दिवाणाच्या पोटात. मनाशी आठवून यादी करणारा माणूस यांपैकी दोन ठिकाणे आठवतो आणि उरलेल्या तिन्हींतील सामान पुन्हा विकत आणतो. म्हणून पहिली गोष्ट अशी, की यादी आठवणीवरून करू नये. एक जुनी चादर उजेडाच्या जागी अंथरावी आणि घरातील प्रत्येक कोपऱ्यातून सणाचे म्हणून जे जे असेल ते सारे तिच्यावर आणून ठेवावे. घरातील एकाने 'बाकीचे नंतर पाहू' म्हटले की झडती फसली असे समजावे, कारण ते 'बाकीचे' म्हणजेच दुबार खरेदीचे मूळ.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वहीचे एक पान घेऊन त्यावर प्रथम वस्तू लिहू नयेत, जागा लिहाव्यात. दार, उंबरा, जिना, खिडकी, सज्जा, तुळस, देवघर. कारण शोभा वस्तूंची नसते, जागेची असते. आणि उणीव कोठे आहे हे रिकामी जागाच सांगू शकते. डाव्या बाजूस जागा व तिचे माप, उजव्या बाजूस त्या जागेसाठी घरात असलेली वस्तू. उजवी बाजू जेथे कोरी राहील तेवढीच खरेदीची यादी. माप गजपट्टीने घ्यावे. ती नसेल तर सुतळी लावावी व सुतळीला गाठ मारावी. नजरेच्या अंदाजाने घेतलेले माप सणाच्या दिवशी हमखास हातभर कमी पडते.

एका घराचा हिशेब समोर ठेवला म्हणजे हे स्पष्ट होईल. कुटुंब चौघांचे. पुण्याहून भोपाळला बदली होऊन आलेले, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहणारे. बाजारात नेण्यासाठी त्यांनी मनाशी केलेली यादी अशी होती: दिव्यांच्या दोन माळा, एक आकाशकंदील, दोन डझन पणत्या, दाराचे तोरण आणि रांगोळीचे सहा रंग. बदलीच्या घरी ही यादी फार स्वाभाविक वाटते, कारण जुन्या घरातील वस्तू नव्या घराला पुरणार नाहीत अशी मनाची समजूत असते. पुरतात की नाही, हे मात्र मोजूनच ठरवावे लागते.

माळांपासून प्रारंभ करू, कारण पैसा येथेच अधिक जातो आणि धोकाही येथेच अधिक असतो. चादरीवर सहा माळा निघाल्या. माळ हाती घेतल्यावर ती लगेच विजेला जोडू नये. प्रथम बटणाविना, उजेडात, तिची तार बोटांतून टोकापासून टोकापर्यंत सरकवावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पोटमाळ्यावर काय काय घडते याची आपल्याला कल्पना नसते. उंदीर तार कुरतडतात, पिनांना गंज चढतो, आणि जुने रबरी आवरण सुकून कडक होते. तार हळूच वाकवून पाहावी. वाकवताच आवरणाला तडे दिसले, किंवा कोठे तांबे उघडे पडलेले दिसले, तर ती माळ दुरुस्तीची नव्हे, बाद करण्याची. एका ठिकाणी चिकटपट्टी लावून काम भागते असे अनेकांना वाटते. परंतु एका ठिकाणी तडकलेले आवरण दहा ठिकाणी तडकण्याच्या बेतात असते. थेट विजेवर चालणाऱ्या माळेत 230 व्होल्टचा दाब असतो, आणि ती बहुधा सज्जाच्या लोखंडी कठड्यावरच टाकली जाते, जेथे मुले हात टेकून उभी राहतात. भोपाळच्या घरातील सहांपैकी एक, बारीक काचेच्या बल्बांची फार जुनी माळ, याच परीक्षेत बाद झाली.

उरलेल्या पाच माळांचा गुंडाळा सोडवून, जमिनीवर पसरून, पंधरा मिनिटे चालू ठेवाव्यात. पाच सेकंद लावून 'लागते' म्हणणे पुरेसे नाही. डबी तापते काय, जळका वास येतो काय, काही दिवे थोड्या वेळाने विझतात काय, हे कळण्यास तेवढा वेळ लागतो. या घरी पिवळसर प्रकाशाच्या अगदी सारख्या दोन माळा निघाल्या, प्रत्येकी 10 मीटरची. एक निर्दोष, दुसरीचा एक तृतीयांश भाग अंधारात. एलईडीच्या माळेत दिवे गटागटाने जोडलेले असतात. गटातील एक दिवा किंवा एक सांधा तुटला की तो सारा गट विझतो आणि बाकीचे गट जळत राहतात. असा विझलेला तुकडा कापून तारा परस्पर जोडण्याचा मोह टाळावा. काही माळांत त्यामुळे उरलेल्या दिव्यांवर अधिक दाब येतो, आणि घरी केलेला जोड बंदिस्त राहत नाही. आवरण सर्वत्र शाबूत असेल तर ही माळ घरात, कोरड्या जागी, विझलेला भाग कपाटामागे जाईल अशी लावता येते. वहीत तिच्यापुढे 'अर्धी, फक्त घरात' अशी नोंद पडली.

चौथी माळ रंगीबेरंगी दिव्यांची होती. तिची लुकलुकण्याची कळ बिघडली होती, पण दिवे स्थिर जळत होते. ही उणीव आहे की सोय, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत सोयीच्या बाजूचे आहे.

शेवटच्या दोन माळा लहान, कमी दाबावर चालणाऱ्या, प्रत्येकी 5 मीटरच्या. त्यांचे अडॅप्टर सापडेनात. येथेच पुष्कळ घरी नवी माळ घेतली जाते. अशा वेळी मोबाईलच्या चार्जरांचा खण उघडून पाहावा. नव्वद टक्के हरवलेले अडॅप्टर तेथे असतात असे मी म्हणणार नाही, पण या घरचे दोन्ही तेथेच होते. मात्र मिळालेला अडॅप्टर बसतो म्हणून लावू नये. त्यावर बारीक अक्षरांत किती व्होल्ट बाहेर पडतात ते छापलेले असते. 5 व्होल्टच्या माळेला 12 व्होल्टचा अडॅप्टर लावला तर ती क्षणभर फार सुंदर दिसते आणि मग कायमची विझते. उलट केल्यास मंद जळते किंवा मुळीच जळत नाही, आणि चांगली माळ बाद ठरते. जोडी जुळली की दोहोंवर एकाच रंगाच्या दोऱ्याची गाठ बांधून टाकावी.

आता जागेकडे वळू. सज्जाचा कठडा समोरून 11 फूट व दोन्ही बाजूंस चार चार फूट, म्हणजे एकूण 19 फूट. 10 मीटर म्हणजे जवळ जवळ 33 फूट. कठड्यावर माळ सरळ टाकली तर 14 फूट उरतात. गजांतून खालीवर लाटेसारखी गुंफली तर दीडपट तार लागते, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस फूट, आणि तरीही काही उरते. निर्दोष असलेली एकच माळ सज्जाला पुरून उरली. रंगीत माळ खिडकीला, अर्धी माळ बैठकीत, लहान दोन देवघर व दाराकडे. नव्या माळेला जागाच शिल्लक नव्हती. ज्यांना घ्यावीच लागेल त्यांनी जुन्या माळांचा प्रकाश पिवळसर आहे की निळसर पांढरा, हेही वहीत लिहून ठेवावे. दुकानात दोन्ही पांढरेच दिसतात. एकाच कठड्यावर शेजारी आले की डोळ्यांना खुपतात. पेटीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे की नाही हेही पाहावे.

परंतु या मोजणीत एक उणीव उघड झाली, जी मूळ यादीत नव्हती. बैठकीतील विजेची एकच जोडणी सज्जाच्या आरंभापासून 9 फूट दूर होती, आणि माळेच्या पहिल्या दिव्यापूर्वीची मोकळी तार जेमतेम 3 फूट. त्यातच कंदिलालाही वीज हवी. म्हणजे माळ असूनही ती लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लागली नसती, आणि मग धावपळीत शेजाऱ्यांकडून काहीतरी मागून, तारा पिळून, कसेबसे भागवले गेले असते. अशा पिळलेल्या तारांइतके भीतिदायक दुसरे काही दिवाळीत मी पाहत नाही, फटाकेसुद्धा नव्हेत. यादीत पहिली खरी वस्तू आली: तीन मीटर तारेचा, दोन-तीन जोडण्यांचा एक चांगला विजेचा बोर्ड. तो दाराच्या आत, जमिनीपासून वर ठेवायचा. सज्जात नव्हे, कारण तेथे रोज सकाळी तुळशीला पाणी घातले जाते.

बहुतेक घरांत खरी उणीव अशीच असते. शोभेची वस्तू असते. ती टांगणारे, जोडणारे, पेटवणारे काही नसते. खिळा, आकडा, दोरी, होल्डर, वात. या वस्तू स्वस्त, अदृश्य आणि म्हणून यादीबाहेरच्या. भाड्याच्या घरात घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत, आणि चिकटणारे आकडे चुन्याच्या भुरभुरणाऱ्या भिंतीवर टिकत नाहीत. तेव्हा भिंतीवरून तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी पूड लागली तर आकड्यांचा नाद सोडून दाराच्या चौकटीचा किंवा पडद्याच्या दांडीचा आधार घ्यावा व दोरी लिहावी.

कंदिलाचे असेच झाले. पुण्याहून आणलेला चांदणीचा कंदील कागद फाटल्यामुळे बाद धरला होता. वास्तविक कंदिलाचा जीव त्याच्या सांगाड्यात. बांबूच्या कामट्या वाकवून पाहाव्यात. भुंग्याने पोखरलेल्या असतील तर बारीक पिवळी पूड गळते व कामटी कटकन मोडते. या कामट्या ताठ होत्या. केवळ दोन सांधे सैल झाले होते, ते दोऱ्याने आवळले. उरला कागद: पतंगाच्या कागदाचे सहा ताव, घरच्या मैद्याची खळ, आणि मुलांची एक दुपार. होल्डर मात्र खरोखरच निकामी होता. आतील पितळ काळे पडले होते. म्हणून यादीत 'होल्डर व तार' आणि 'एलईडी दिवा, 5 वॅटचा' एवढेच लिहिले गेले. पूर्वी याच कंदिलात 40 वॅटचा तापणारा बल्ब असे, आणि कागद आतून करपलेला त्याचीच साक्ष देत होता. ज्यांच्या खोक्यात तसला बल्ब अजून आहे त्यांनी तो कंदिलाच्या हिशेबात धरू नये.

पणत्यांची मोजणी सर्वांत सोपी, पण तीच कोणी करीत नाही. जागा मोजल्या: उंबऱ्यावर 2, जिन्याच्या वळणावर 2, तुळशीपाशी 1, देवापुढे 1, सज्जात 5, एकूण 11. डब्यातून पणत्या निघाल्या 31. त्यांतील 9 तडकलेल्या किंवा चोच मोडलेल्या. चोच मोडली की वात टेकत नाही व तेल बाहेर ओघळते, म्हणून त्या बाद. उरल्या 22, म्हणजे गरजेच्या दुप्पट. आणि बाजारातून आणायच्या होत्या आणखी 24! जुन्या पणत्या तेलकट व काळ्या असतात म्हणून आपण त्यांना टाकाऊ समजतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्या रात्रभर भिजवाव्यात, सकाळी काथ्याने घासून दोन उन्हे द्याव्यात. जुन्या पणतीचा एक गुण नव्या पणतीत नाही. तिची माती आधीच तेल प्यालेली असते, त्यामुळे ती पुन्हा फारसे तेल शोषीत नाही. नवी पणती वापरण्यापूर्वी काही तास पाण्यात भिजवून ठेवण्याची जी रीत आहे ती याच कारणासाठी.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरी दर दिवाळीस कुंभाराकडून पाच नव्या पणत्या घेण्याचा रिवाज असतो. ती दुबार खरेदी नव्हे. पानाच्या तळाशी 'रिवाजाची खरेदी' असे वेगळे लिहून तेथे 5 हा आकडा टाकावा, म्हणजे रिवाजही राहतो आणि पाचाचे चोवीस होत नाहीत.

पणत्यांच्या निमित्ताने तेलाचा हिशेबही करून टाकावा. एका पणतीत पाणी ओतून किती चमचे मावते ते मोजावे. या घरच्या पणतीत तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे 15 मिलिलिटर. अकरा पणत्यांना एका संध्याकाळी 165 मिलिलिटर. पाच संध्याकाळी 825. एक लिटर तेल पुरे. वाती मात्र डब्यात सातच होत्या, आणि रोज अकरा याप्रमाणे पाच दिवसांना हव्यात पंचावन्न. ही दुसरी खरी उणीव. कापूस घरी असेल तर तीही बाजारातील नव्हे, दोन संध्याकाळच्या फुरसतीची.

रांगोळीविषयी थोडक्यात. रंगांचे डबे उघडून चमचाभर रंग कागदावर टाकून पाहावा. ओलीमुळे गोळे झाले असतील तर उन्हात वाळवून चाळणीतून काढले की रंग पूर्ववत होतो. या घरी लाल रंगाचे तीन डबे होते आणि हिरवा एकही नव्हता. सर्वत्र असेच आढळते, कारण दुकानात लाल रंग डोळ्यांत भरतो आणि अंगणात पानांसाठी हिरवा लागतो. पांढरी रांगोळी सर्वांत लवकर संपते. हिरवा एक डबा व पांढरी एक किलो, एवढेच लिहिले.

तोरणाची गंमत निराळी झाली. तोरण होते, सुरेख होते, पण पुण्याच्या दुपाखी दारासाठी घेतलेले, साडेचार फुटांचे. आणि येथील चौकट साडेतीन फुटांची. ते तसेच लावले असते तर मध्ये लोंबून येणाऱ्याच्या कपाळाला लागले असते. दोन्ही टोकांकडील सहा सहा इंच मागे दुमडून टाका घातला, आणि तोरण बसले. लांब वस्तू लहान करता येते. आखूड तोरण लांब करू गेले की जोड दिसतो. तेव्हा आखूड निघाले तरच नवे घ्यावे, आणि तेही माप चिठ्ठीवर घेऊन.

खोक्याच्या तळाशी थर्माकोलच्या कमानी व अक्षरे निघण्याचा संभव आहे. शोभेच्या थर्माकोलच्या वापरावर आणि विक्रीवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, त्यापूर्वी 2018 पासून महाराष्ट्रात होतीच. त्या कमानीची जागा वहीत रिकामी म्हणून धरावी आणि तेथे पुठ्ठा, कापड किंवा झेंडूची माळ यांपैकी काय शोभेल याचा विचार करावा. बाद झालेल्या विजेच्या माळा कचऱ्याच्या डब्यात न टाकता जुने विद्युत सामान घेणाऱ्यांकडे द्याव्यात. त्यापूर्वी पिन कापून टाकावी, नाही तर घरातील कोणीतरी कनवाळू माणूस तीच माळ पुन्हा खोक्यात ठेवतो.

भोपाळच्या कुटुंबाची अखेरची यादी अशी झाली: विजेचा बोर्ड, कंदिलाचा होल्डर व दिवा, पतंगाच्या कागदाचे सहा ताव, एक किलो पांढरी रांगोळी, हिरवा रंग, एक लिटर तेल, दोरीचे एक बंडल आणि रिवाजाच्या पाच पणत्या. पहिल्या यादीतील माळा, कंदील व तोरण तिच्यात नव्हते, पणत्या चोवीसांच्या पाचच राहिल्या होत्या आणि सहा रंगांतला एक. उलट, या यादीतील बोर्ड, होल्डर, दोरी आणि तेल यांचा पहिल्या यादीत पत्ताही नव्हता.

सणानंतरचे एक काम सांगून थांबते. कंदील व माळा पुष्कळ घरी तुळशीच्या लग्नापर्यंत, काही ठिकाणी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतात. त्या उतरवताना माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळावी, आणि खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस त्याच हाताने लिहावे: माळा किती, लांबी किती, कोठे लावल्या, काय बिघडले, काय कमी पडले. झाकणाच्या बाहेर लिहिलेले धुळीने पुसते. वहीतील पान वही हरवली की जाते. आतील अक्षरे मात्र पुढच्या आश्विनात झाकण उघडताच समोर येतात.